चित्र गायब, फक्त सूत्र हाती: ठिपका संरचना आणि रेणूचा आकार याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्नात ‘आकृतीतील रेणूचा आकार ओळखा’ असं लिहिलंय, पण आकृती छापलेलीच नाही. खाली फक्त SF₄ एवढंच दिसतंय. उत्तर काढता येईल का?

SF₄ असेल तर येईल, आणि पूर्ण येईल. मधे एक अणू आणि त्याच्याभोवती बाकीचे, अशी साधी रचना असलेल्या रेणूचं चित्र सूत्रावरून पुन्हा उभं करता येतं. मात्र सूत्र दोनच गोष्टी सांगतं: कोणते अणू आहेत आणि किती आहेत. कोण कोणाला जोडलेला आहे हे त्यात नसतं. मधल्या अणूवर बंधात न अडकलेल्या, म्हणजे एकाकी, इलेक्ट्रॉन जोड्या किती आहेत हेही त्यात दिसत नाही. यातली दुसरी उणीव हिशेबाने भरून निघते. पहिली नेहमी निघत नाही, त्याबद्दल पुढे येईलच.

चार फ्लुओरिन आहेत म्हणजे आकार चतुष्फलकीय, एवढं पुरे नाही का?

सगळ्यात जास्त चुकणारी जागा हीच. CF₄, SF₄ आणि XeF₄ ही तीन सूत्रं शेजारी ठेवून पाहा. लिहिताना फक्त पहिलं अक्षर बदलतं, पण CF₄ चतुष्फलकीय आहे, XeF₄ सपाट चौरस आहे आणि SF₄ या दोन्हींपेक्षा वेगळा, थोडा बेढब वाटावा असा आहे. चार हा आकडा किती बंध आहेत एवढंच सांगतो. आकार ठरतो मधल्या अणूभोवती इलेक्ट्रॉनांचे एकूण किती गट आहेत यावर, आणि त्या गटांत एकाकी जोड्याही मोजाव्या लागतात. इलेक्ट्रॉनांचे गट एकमेकांपासून शक्य तितके लांब राहतात हा विचार सिजविक आणि पॉवेल यांनी १९४० मध्ये मांडला, आणि गिलेस्पी व नायहोम यांनी १९५७ मध्ये तो आज वापरतो त्या रूपात आणला. व्हीएसईपीआर म्हणतात ते हेच.

मग SF₄ चं गणित पायरीपायरीने करून दाखवा.

आधी संयुजा इलेक्ट्रॉन मोजू. सल्फर गण १६ मधला, त्याचे ६. फ्लुओरिन गण १७ मधला, प्रत्येकी ७, म्हणून चौघांचे २८. एकूण ३४. हा आकडा कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, शेवटी पडताळायला लागेल.

आता मधे कोण? सल्फर एकटा आहे आणि फ्लुओरिनपेक्षा कमी विद्युतऋण आहे, त्यामुळे तो मधे. त्याच्याभोवती चार फ्लुओरिन एकेका रेघेने जोडा. चार बंधांत ८ इलेक्ट्रॉन गेले, उरले २६. बाहेरच्या प्रत्येक फ्लुओरिनला अष्टक पूर्ण करायला आणखी ६ ठिपके लागतात, म्हणजे चौघांना २४. आता उरले २. बाहेर जागा शिल्लक नाही, तेव्हा हे दोन ठिपके सल्फरवरच ठेवायचे. ही त्याची एकाकी जोडी.

सल्फरभोवती आता चार बंध आणि एक एकाकी जोडी, असे पाच गट झाले. पाच गट एकमेकांपासून दूर राहायचे तर त्रिकोणी द्विपिरॅमिड होतो: मधल्या पट्ट्यात तीन जागा एकमेकींशी १२०° वर, आणि अक्षावर वर-खाली एकेक जागा, त्या पट्ट्याशी ९०° वर. प्रश्न एवढाच उरतो की एकाकी जोडी यातल्या कुठल्या जागी बसते. अक्षावर बसली तर तिला ९०° अंतरावर तीन शेजारी मिळतात, पट्ट्यात बसली तर दोनच. बाकीचे दोघे १२०° वर राहतात. एकाकी जोडी बंधातल्या जोडीपेक्षा जास्त पसरलेली असते, म्हणून कमी गर्दीची, म्हणजे पट्ट्यातली, जागा ती घेते.

आकाराचं नाव देताना एकाकी जोडी डोळ्यांआड करायची आणि फक्त अणू पाहायचे. दोन फ्लुओरिन अक्षावर, दोन पट्ट्यात. या आकाराला सी-सॉ म्हणतात, कारण आडवा करून पाहिला तर मुलांच्या खेळातल्या त्या फळीसारखा दिसतो: अक्षावरचे दोन फ्लुओरिन म्हणजे फळी, पट्ट्यातले दोन म्हणजे तिचे पाय.

हे खरोखर असंच असतं, की कागदावरची सोय आहे?

मोजून पाहिलेलं आहे. SF₄ मध्ये अक्षावरच्या दोन बंधांतला कोन १८०° ऐवजी सुमारे १७३° भरतो आणि पट्ट्यातल्या दोन बंधांतला १२०° ऐवजी सुमारे १०२°. एकाकी जोडी दोन्ही बाजूंना रेटते, असाच याचा अर्थ. बंधही सारखे नाहीत. अक्षावरचे सुमारे १६५ पिकोमीटर आणि पट्ट्यातले सुमारे १५५.

एक गंमत मात्र आहे. फ्लुओरिनचा एनएमआर घेतला तर नेहमीच्या तापमानाला चारही फ्लुओरिन एकसारखेच दिसतात. रेणू इतक्या झपाट्याने आतल्या आत जागा बदलत असतो की यंत्राला सरासरीच कळते. खूप थंड केलं की दोन वेगळे संकेत दिसू लागतात. त्यामुळे ‘चारही फ्लुओरिन समतुल्य आहेत का’ असा प्रश्न आला, तर तो स्थिर आकाराबद्दल आहे की एका विशिष्ट तापमानाच्या निरीक्षणाबद्दल, हे आधी वाचून घ्यावं.

एवढं काढत बसण्यापेक्षा झटपट पद्धत आहे का?

आहे. एकूण इलेक्ट्रॉनांना ८ ने भागा. बाहेरचा प्रत्येक अणू अष्टक पूर्ण करून घेतो, म्हणून प्रत्येकामागे ८ वजा होतात आणि बाकी उरते ती मधल्या अणूवर. बाकीचे अर्धे म्हणजे एकाकी जोड्या.

CF₄: ४ + २८ = ३२. भागाकार ४, बाकी ०. एकाकी जोडी नाही, चार गट, चतुष्फलक, कोन १०९.५°.

SF₄: ३४. भागाकार ४, बाकी २. एक जोडी, पाच गट, सी-सॉ.

XeF₄: ८ + २८ = ३६. भागाकार ४, बाकी ४. दोन जोड्या, सहा गट, म्हणजे मूळ सांगाडा अष्टफलकाचा. दोन एकाकी जोड्या शेजारी-शेजारी ९०° वर बसण्यापेक्षा समोरासमोर बसतात, आणि चार फ्लुओरिन मधल्या प्रतलात उरतात. समतल चौरस.

भागाकार बाहेरच्या अणूंच्या संख्येइतकाच आला पाहिजे. तसा आला नाही तर बेरीज तरी चुकली आहे, किंवा बाहेर हायड्रोजन आहे. हायड्रोजन दोनवरच समाधानी असतो, म्हणून मधल्या अणूला थेट जोडलेल्या प्रत्येक हायड्रोजनमागे आधी २ वजा करायचे. अमोनियात ५ + ३ = ८, त्यातून ६ गेले, उरले २: एक जोडी. पाण्यात ८ मधून ४ गेले, उरले ४: दोन जोड्या.

मला स्वतःला ही युक्ती उत्तर काढण्यापेक्षा उत्तर तपासायला जास्त आवडते. आधी ठिपके मांडावेत आणि मग भागाकाराने पडताळावं. फक्त भागाकार पाठ केलेल्यांना ‘बाहेरच्या अणूंवर एकूण किती एकाकी जोड्या आहेत’ असं विचारलं की गोंधळायला होतं.

माझ्या ठिपका संरचनेत चूक आहे हे कसं ओळखायचं?

काढलेले सगळे ठिपके मोजा, प्रत्येक रेघ दोन धरून. ही बेरीज सुरुवातीच्या बेरजेशी जुळलीच पाहिजे. SF₄ मध्ये प्रत्येक फ्लुओरिनवर तीन, म्हणून १२ एकाकी जोड्या, सल्फरवर एक, आणि चार बंध: १७ जोड्या, म्हणजे ३४ इलेक्ट्रॉन. तुमच्या चित्रात ३२ भरले तर तुम्ही सल्फरला अष्टकात कोंबलंय, आणि प्रत्यक्षात CF₄ चं चित्र काढून त्यावर S लिहिलंय. असं फार वेळा होतं. तिसऱ्या आणि त्यापुढच्या आवर्तातले मधले अणू आठापेक्षा जास्त इलेक्ट्रॉन भोवती ठेवू शकतात, पण कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन नाही. त्यांच्याभोवती दहा दिसले तर चूक नक्की.

CO₂ ला बाकी ०, SO₂ ला बाकी २. पण दुहेरी बंध कुठे आले यात?

आकारासाठी दुहेरी बंध हा एकच गट असतो, कारण त्यातले चारही इलेक्ट्रॉन एकाच दिशेला असतात. CO₂ मध्ये १६ इलेक्ट्रॉन आहेत. दोन्ही ऑक्सिजनना अष्टक दिलं की सगळे १६ संपतात आणि कार्बनभोवती फक्त चारच दिसतात. मग प्रत्येक ऑक्सिजनवरची एक एकाकी जोडी बंधात सरकवायची, म्हणजे कार्बनही आठावर येतो. या सरकवण्याने कार्बनवर एकाकी जोडी तयार झाली नाही, त्यामुळे गट दोनच राहिले. रेषीय.

SO₂ मध्ये १८ आहेत. सल्फरवर एक जोडी उरते, गट तीन, रेणू वाकलेला, कोन सुमारे ११९°. इथे एक दुहेरी बंध काढायचा की दोन, यावर पुस्तकागणिक मतं वेगळी दिसतील. कुठलंही चित्र घेतलंत तरी सल्फरवर एकच जोडी राहते आणि आकार तोच येतो. दोन्ही बंध मोजले तर लांबी सारखीच भरते, म्हणून एक एकेरी-एक दुहेरी काढलंत तर आरशातली दुसरी रचनाही शेजारी काढून संस्पंदन दाखवा.

सूत्रावरचा प्रभार पुसला गेला असेल तर किती फरक पडतो?

आकारच बदलतो. चित्र हरवतं तेव्हा बरेचदा वरचं छोटं चिन्हही हरवतं, आणि मग NO₂, NO₂⁺ आणि NO₂⁻ हे तिन्ही कागदावर सारखेच दिसतात. NO₂⁺ मध्ये १६ इलेक्ट्रॉन, बाकी ०, रेषीय, १८०°. NO₂⁻ मध्ये १८, बाकी २, वाकलेला, कोन सुमारे ११५°. मधला NO₂ १७ इलेक्ट्रॉनांचा, बाकी १. त्याच्या नायट्रोजनवर जोडी नाही, एकटाच इलेक्ट्रॉन आहे, आणि तो पूर्ण जोडीइतका रेटत नाही. कोन मोजला तर सुमारे १३४°, दोघांच्या मधे.

असंच SO₃ आणि SO₃²⁻ चं. पहिल्यात २४ इलेक्ट्रॉन आणि रेणू सपाट त्रिकोणी. दुसऱ्यात २६, म्हणून सल्फरवर एक जोडी आणि आकार त्रिकोणी पिरॅमिड. म्हणून आधी प्रश्नाच्या मजकुरात ‘आयन’, ‘सल्फाइट’, ‘नायट्राइट’ असा एखादा शब्द शिल्लक आहे का ते पाहा. नाव वाचलं तर प्रभार परत मिळतो. एकूण इलेक्ट्रॉन विषम आले आणि प्रश्न ‘सर्व इलेक्ट्रॉन जोडीत आहेत’ असं म्हणत असेल, तरी प्रभार गळालाय असं समजा.

मधे कोणता अणू ठेवायचा याचा पक्का नियम आहे का?

पक्का नाही. साधारण चालणारा असा: हायड्रोजन आणि फ्लुओरिन मधे येत नाहीत, उरलेल्यांत जो एकटा आणि कमी विद्युतऋण तो मधे. अडचण कधी येते, तर या दोन खुणा एकमेकींच्या विरुद्ध जातात तेव्हा. Cl₂O आणि N₂O घ्या. दोन्हींत ऑक्सिजन एकटा, आणि दोन्हींत तोच जास्त विद्युतऋण. तरीही Cl₂O मध्ये ऑक्सिजन मधे आहे आणि N₂O मध्ये टोकाला.

इथे औपचारिक प्रभार काढायचा: अणूचे मूळ संयुजा इलेक्ट्रॉन, वजा त्याच्यावरचे एकाकी ठिपके, वजा त्याच्या बंधांची संख्या. Cl–O–Cl मध्ये तिघांवरही शून्य येतो, त्यामुळे वादच नाही. N₂O मध्ये ऑक्सिजन मधे ठेवून N=O=N काढलं तर ऑक्सिजनवर +२ आणि दोन्ही नायट्रोजनवर −१ येतात. सर्वांत विद्युतऋण अणूवर +२ म्हणजे ही मांडणी टिकायची नाही. नायट्रोजन मधे ठेवून N≡N–O काढलं तर डावीकडून ०, +१, −१. N=N=O काढलं तर −१, +१, ०. दोन्ही मांडण्या पटण्यासारख्या आहेत, आणि खरा रेणू त्यांच्या संस्पंदनाचा आहे. मधल्या नायट्रोजनवर एकाकी जोडी नाही, त्यामुळे रेषीय.

याची पडताळणीही प्रयोगात आहे. रेषीय NON सममित असता, तर त्याचा डायपोल मोमेंट शून्य आला असता. N₂O चा छोटा आहे, सुमारे ०.१६ डेबाय, पण शून्य नाही.

आम्लांच्या सूत्रात हायड्रोजन सुरुवातीला लिहिलेले असतात. ते मधल्या अणूला जोडायचे का?

बहुतेक वेळा नाही, ऑक्सिजनला जोडायचे. HNO₃, H₂SO₄, H₃PO₄ मध्ये सगळे हायड्रोजन ऑक्सिजनवर आहेत. HClO सुद्धा H–O–Cl आहे.

पण H₃PO₃ पाशी थांबायलाच हवं. एकूण इलेक्ट्रॉन ३ + ५ + १८ = २६. तिन्ही हायड्रोजन ऑक्सिजनवर धरले तर तीन ऑक्सिजनची अष्टकं २४ घेतात (हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन त्यातच आले) आणि फॉस्फरसवर २ उरतात: एक एकाकी जोडी, फॉस्फरसभोवती पिरॅमिड. एक हायड्रोजन थेट फॉस्फरसवर धरला तर २६ मधून आधी २ जातात, मग २४, बाकी शून्य: एकाकी जोडी नाही, फॉस्फरसभोवती चतुष्फलक. दोन्ही हिशेब बिनचूक जुळतात. सूत्र दोघांनाही तितकंच पाठिंबा देतं, आणि कागदावरची कितीही बेरीज-वजाबाकी हा वाद सोडवू शकत नाही.

तो सोडवतो प्रयोग. या आम्लातले दोनच हायड्रोजन अल्कलीने उदासीन होतात, तिसरा होत नाही. ऑक्सिजनवरचा हायड्रोजन आम्लधर्मी असतो, फॉस्फरसवरचा नसतो. म्हणजे दोन ऑक्सिजनवर, एक फॉस्फरसवर, आणि उत्तर चतुष्फलक. H₃PO₂ मध्ये एकच हायड्रोजन आम्लधर्मी आहे, त्यामुळे तिथे दोन हायड्रोजन फॉस्फरसवर. प्रश्नात ‘द्विप्रोटी’ किंवा ‘एक मोल आम्लाला दोन मोल NaOH लागले’ असं वाक्य असेल, तर ते भरताड नाही. हरवलेल्या चित्राचा तुकडाच आहे तो.

कार्बनच्या संयुगांचं काय? C₂H₂Cl₂ वरून आकार सांगता येईल?

कार्बनभोवतीचा आकार येईल, रेणूचं चित्र येणार नाही. दोन कार्बनमधे दुहेरी बंध, प्रत्येकाभोवती तीन गट, सगळं सपाट, इथपर्यंत ठीक. पण दोन्ही क्लोरिन एकाच कार्बनवर आहेत, की वेगवेगळ्या कार्बनवर एकाच बाजूला, की विरुद्ध बाजूंना? तिन्ही खरी, वेगळी संयुगं आहेत. विरुद्ध बाजूंना क्लोरिन असलेल्याचा डायपोल मोमेंट शून्य असतो, बाकी दोघांचा नसतो. प्रश्नात अध्रुवीय असा शब्द असेल तर तिघांतून एक निवडता येतो. काहीच नसेल तर तिन्ही काढून ‘आकृतीअभावी निश्चित करता येत नाही’ असं लिहिणं हेच खरं उत्तर.

C₂H₆O तर आणखी लांबचं. इथे कार्बनची साखळी अखंड आहे की मधे ऑक्सिजन आहे हेच ठाऊक नाही. ७८ °से. ला उकळतं म्हटलं तर इथेनॉल, उणे २४ °से. म्हटलं तर डायमिथाइल ईथर. ऑक्सिजनभोवती मात्र दोन बंध आणि दोन एकाकी जोड्या दोन्हींत आहेत, त्यामुळे प्रश्न फक्त ऑक्सिजनपाशी रेणू वाकलेला आहे का एवढाच असेल, तर समघटक न ठरवताही ‘हो’ म्हणता येतं.

कोनाचा नेमका आकडा सूत्रावरून मिळतो का?

एकाकी जोडी नसेल आणि बाहेरचे अणू एकसारखे असतील, तर मिळतो: १८०°, १२०°, १०९.५°. एकाकी जोडी आली की बहुतेक वेळा ‘यापेक्षा कमी’ एवढंच म्हणता येतं. किती कमी, ते मोजावं लागतं. पाण्यात १०४.५°, अमोनियात सुमारे १०७°. H₂S ची ठिपका संरचना पाण्यासारखीच, पण कोन सुमारे ९२°. हा फरक ठिपक्यांतून निघत नाही, म्हणून तो आधीपासून माहीत असल्याशिवाय आकडा लिहू नये.

ही पद्धत कुठे अजिबात लावू नये?

NaCl सारख्या आयनिक घन पदार्थांत सुटा रेणूच नसतो, त्यामुळे त्याचा आकार विचारण्यात अर्थ नाही. संक्रमण धातूंच्या संयुगांतही लावू नये: Ni(CO)₄ चतुष्फलकीय आहे आणि [Ni(CN)₄]²⁻ समतल चौरस, आणि आपला ठिपक्यांचा हिशेब यातलं काही सांगत नाही.

PCl₅ थोडा फसवा आहे. हिशेब सरळ: ४० इलेक्ट्रॉन, बाकी ०, पाच गट, त्रिकोणी द्विपिरॅमिड. वायुरूपात हे बरोबरच आहे. पण घनरूपात तोच पदार्थ PCl₄⁺ आणि PCl₆⁻ अशा आयनांत असतो, एक चतुष्फलक आणि एक अष्टफलक. प्रश्नात अवस्था दिलेली असेल तर ती आधी वाचा. दिलेली नसेल तर वायुरूप धरून उत्तर द्या आणि तसं एका शब्दात नमूद करा.